पूर्ण भाव आणि ४५ दिवसांची उधारी, की ३ टक्के सोडून आठवड्यात पैसे?

टॉवेल, चादरी, नॅपकिनच्या छोट्या होलसेलला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. कारखानदाराकडून माल उचलायचा, दुकानदाराला द्यायचा आणि मधल्या काळात पैसा कुणाचा अडकवायचा? मी दोन्ही पद्धतींनी धंदा केला आहे आणि अजूनही काही गिऱ्हाइकांशी दोन्ही चालतात. खालचा हिशेब सोलापुरातल्या लहान होलसेलरचा आहे. कापडात किंवा किराण्यात आकडे वेगळे पडतील, पण अडचणी याच असाव्यात असं वाटतं.

एक बिल धरू. माल ४०,००० चा, ५ टक्के जीएसटी धरून एकूण ४२,०००. कारखानदाराकडून तो जीएसटी सोडून ३६,४०० ला आला, म्हणजे आपल्या हातात ३,६००. आता दुकानदार म्हणतो, ‘सात दिवसांत पाठवतो, सीडी किती देता?’ सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, लवकर पैसे दिल्याबद्दलची सूट. ३ टक्के म्हटलं की १,२०० गेले, नफ्याचा तिसरा हिस्सा. ऐकूनच पोटात गोळा येतो, आणि बहुतेक जण इथेच बोलणं थांबवतात.

पण उधारीलाही पैसे पडतातच, फक्त ते बिलावर दिसत नाहीत. सीसीचा, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा, दर ११ टक्के धरला, तर ४२,००० वर ४५ दिवसांऐवजी सात दिवसांत पैसे येण्याची किंमत सुमारे ४८० रुपये होते. एवढ्यावर पाहिलं तर १,२०० सोडणारा वेडाच ठरेल. मात्र ४५ दिवसांची उधारी ४५ दिवसांनी सुटते कुठे? माझ्याकडे ती साधारण अडीच महिन्यांनी सुटायची. ७५ दिवस धरले की तोच आकडा ८६० च्या आसपास जातो. त्यात जीएसटी तर दुकानदाराने पैसे देवोत न देवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आपल्या खिशातून भरायचा असतो.

उरलेला फरक भरून निघतो की नाही, हे तुमच्या कारखानदारावर आहे. तोही रोखीला २ टक्के सोडत असेल, तर आठवड्यात आलेला पैसा तिकडे फिरवून ७२८ वाचतात. ४५ व्या दिवसापासून ७५ व्यापर्यंतच्या महिन्याभराचं वाचलेलं व्याज अंदाजे ३८०. म्हणजे १,२०० सोडले आणि १,१०० परत आले. तुमचा कारखानदार रोख-उधार एकच भाव लावत असेल, तर तीनशे-साडेतीनशे रुपये तुमच्या पदरचे जातील. आणि ज्याच्याकडे घरचा पैसा पडून आहे, सीसी वापरातच नाही, त्याने निव्वळ आकड्यांवर उधारीच ठेवावी. मीही तसंच सांगेन.

थोडक्यात, कागदावर दोन्ही जवळजवळ बरोबरीत आहेत. माझा कल ठरला तो दुसऱ्याच एका त्रासाने.

तो त्रास म्हणजे ‘खात्यावर टाका’. उधारीचा दुकानदार बिल फेडत नाही, खात्यावर पैसे टाकतो. ४२,००० चं एक बिल, मग ३१,५०० चं, मग २६,२५० चं. मध्येच यूपीआयवर १५,००० येतात, काही दिवसांनी २०,०००, मग १०,०००. कोणत्या बिलाचे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपण आपल्या वहीत पहिलं बिल मिटवतो आणि ३,००० दुसऱ्यात धरतो. दोन महिन्यांनी उरलेले ५४,७५० मागायला गेलं की उत्तर येतं, ‘मालक, पहिल्या बिलात सहा टॉवेलचा रंग गेला होता की, ते बिल मी धरलंच नाही. पैसे नंतरच्या दोन्हीचे दिलेत.’ आता त्याच्या हिशेबाने वाद पहिल्या बिलाचा, आपल्या हिशेबाने ते कधीच संपलेलं. रंग गेलेले टॉवेल त्याने दाखवले नव्हते, आणि आता ते विकलेही गेलेले असतात. कोणत्या बिलाची मुदत उलटली तेच ठरत नसेल, तर मुदतीचा आग्रह तरी कशावर धरणार?

उधारीच ठेवणार असाल तर यावर एक उपाय आहे. १८७२ च्या करार कायद्याची ५९ ते ६१ ही कलमं याच भानगडीसाठी आहेत. पैसे कोणत्या येण्यापोटी हे देणाऱ्याने सांगितलं, तर घेणाऱ्याने तसंच धरायचं. त्याने काहीच सांगितलं नाही आणि कशावरूनही ते कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही, तर जुनं येणं आधी फिटलं असं मानतात. म्हणून पैसे आले की त्याच दिवशी पावती पाठवायची: ‘१५,००० मिळाले, अमुक बिलापोटी जमा.’ वाद पुष्कळ कमी होतात. पण हे रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाशी, न कंटाळता करायला हवं. दुकानात एकटा माणूस असेल तर ते निभत नाही.

सीडीच्या गिऱ्हाइकाकडे हा प्रश्न जन्मालाच येत नाही. सूट त्या बिलावर असते, म्हणून पैसेही त्या बिलाचेच येतात, एकरकमी येतात. मालाबद्दल तक्रार असेल तर ती सात दिवसांच्या आतच निघते, कारण त्याला पैसे देण्याआधी गठ्ठा उघडून पाहावाच लागतो. रंग गेलेला नग दिसला तर मीही तो कारखानदाराला वेळेत परत करू शकतो. मला १,२०० रुपयांचं सार्थक इथे वाटतं. दुसऱ्या कुणाला वाटेलच असं नाही.

अर्थात सीडीचं स्वतःचं दुखणं आहे आणि ते लहान नाही. दुकानदार महिन्याने पैसे पाठवतो आणि तरीही ३ टक्के कापूनच पाठवतो. १,२०० साठी कोण भांडणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून बिलातच सूट वजा करून देऊ नये. बिल पूर्ण ४२,००० चं करायचं, खाली एक ओळ छापायची की सात दिवसांत रक्कम खात्यात जमा झाल्यास मालाच्या किमतीवर ३ टक्के वटाव क्रेडिट नोटने मिळेल, आणि नोट पैसे दिसल्यावरच काढायची. मी ती जीएसटी न लावता काढतो, त्यामुळे दोन्हीकडचा कर आहे तसा राहतो. जीएसटीसकट नोट काढली, तर त्याला घेतलेलं तेवढं जीएसटीचं क्रेडिट उलटवावं लागतं आणि त्याच्या अकाउंटंटचे फोन सुरू होतात. उशिरा कापून पाठवले तर ते १,२०० बाकी म्हणून खात्यावर तसेच दाखवायचे आणि पुढचा माल देताना आधी तेच मागायचे. एकदा सोडले की सात दिवसांची अट गेलीच म्हणून समजा.

सात दिवस कधीपासून, हेही आधी बोलून घ्या. गावातल्या दुकानाला बिलाची तारीख चालते. लातूर किंवा कलबुर्गीला ट्रान्सपोर्टने माल गेला, तर दुकानदार बिल्टी सोडवेपर्यंतच चार दिवस जातात, तिथे माल पोचल्यापासून मोजणं रास्त. चेक असेल तर वटल्याची तारीख धरायची. आणि रोख म्हणजे नोटा नव्हेत. एका दिवसात एकाला १०,००० वर नोटांनी दिले तर दुकानदाराला तो खर्च आयकरात धरता येत नाही, तेव्हा बँकेतूनच बरं.

दुकानदाराच्या बाजूनेही एकदा पाहायला हवं. ३८ दिवस आधी पैसे देऊन ४२,००० ऐवजी ४०,८०० त मिटत असेल, तर त्याला वर्षाला २८ टक्क्यांच्या आसपास सुटतात. बँकेतून उचलूनही त्याला ते परवडतं. तरी तो नको म्हणत असेल, तर एक तर त्याच्याकडे पैसा नाही, किंवा आपली ४५ दिवसांची मुदत प्रत्यक्षात ७५ ची आहे हे त्याला माहीत आहे. ७५ धरले की तोच फायदा १६ टक्क्यांवर येतो आणि त्यासाठी कुणी धावपळ करत नाही. म्हणजे एकीकडे उधारी ढिली ठेवून दुसरीकडे सीडी दाखवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, तो ओळखू येतो हा सीडीचा वरचा फायदा. वरच्या हिशेबात एक ४२,००० चं बिल बुडालं, तर दहा-अकरा बिलांचा नफा जातो, आणि बुडीत बिलावर भरलेला जीएसटीही परत मिळत नाही.

कायद्याच्या भरवशावर मात्र राहू नका. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत, हे अर्धंच खरं आहे. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु कारखानदार तुमच्याकडून ते मागू शकतो: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली, तर ती खरेदी त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, हे आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. पण जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. त्यामुळे कारखानदार आपल्याला ४५ दिवसांत गाठतो आणि आपण दुकानदाराला त्याच कायद्याने गाठू शकत नाही. दोन्हीकडे समान मुदत ठेवून मधला होलसेलर चेपला जातो तो यामुळे.

सगळ्यांना सीडी लावा असं मी म्हणणार नाही. खेडेगावातल्या दुकानदाराची स्वतःचीच विक्री उधारीवर, उसाचं बिल येईपर्यंत त्याला गिऱ्हाइकाकडे मागता येत नाही. त्याला सात दिवस सांगणं म्हणजे नाही म्हणणंच. त्याला पूर्ण भाव, ४५ दिवस, आणि पुढचं बिल मागचं मिटल्यावर. पंढरपूरच्या दुकानदाराचं वेगळं. आषाढीआधी त्याला माल हवा असतो पण हात मोकळा नसतो, एकादशीनंतर गल्ला भरलेला असतो. त्याच्याशी एकादशीनंतरच्या आठवड्याची तारीख ठरवून दीड टक्क्यावर जमतं.

सुरुवात करायची तर गावातली, रोज गल्ला मोजणारी चार-पाच दुकानं घ्या आणि त्यांची जुनी बाकी वेगळ्या खात्यात बाजूला काढा. तीच खाती चालू ठेवून सीडी दिली, तर आलेले पैसे नव्या बिलाचे की जुन्या बाकीचे, हा वाद पहिल्याच आठवड्यात समोर येईल.