बाटलीतून पुन्हा बाटली: वितळवावी की तोडावी?

पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या पीईटी या प्लास्टिकच्या असतात. पीईटीच्या जुन्या बाटलीचा धागा सहज होतो, पुन्हा बाटली होणं मात्र अवघड. कारण रेणूंच्या साखळीची लांबी. ती ‘आयव्ही’ या आकड्याने मोजतात: धाग्याला साधारण ०.६ पुरतो, बाटलीला ०.७५ ते ०.८५ लागतो.

यांत्रिक पद्धतीत बाटल्या निवडून, धुऊन त्यांचे तुकडे करतात आणि सुमारे २७०–२८० अंश सेल्सिअसला वितळवून दाणे बनवतात. तुकड्यांत ओल राहिली तर त्या तापमानाला पाणीच साखळ्या तोडतं आणि आयव्ही घसरतो. घसरलेला आयव्ही परत चढवता येतो: दाणे न वितळवता २०० अंशांच्या आसपास, निर्वातात कित्येक तास तापवायचे. पण पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक मिसळलं असेल तर हा उपाय तोकडा पडतो. पीव्हीसी पीईटीपेक्षा आधी जळतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, ते साखळ्या आणखी तोडतं. दाण्यांत काळे ठिपके आणि पिवळट झाक दिसली की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. पाण्यात बुडवूनही ते वेगळं होत नाही, दोन्ही बुडतात!

रासायनिक पद्धतीत साखळी मुद्दाम तोडतात. ग्लायकॉलिसिसमध्ये इथिलिन ग्लायकॉल हे रसायन वापरून बीएचईटी, म्हणजे साखळीचा छोटा मूळ घटक मिळवतात, तो शुद्ध करून नवी साखळी बांधतात. रंगीत बाटल्या, थाळ्या, पॉलिस्टर कापड इथे चालू शकतं. मात्र खरा खर्च शुद्धीकरणात जातो; रंग, उत्प्रेरक काढायला ऊर्जा आणि द्रावकं लागतात.

माझ्या मते स्वच्छ, पारदर्शक बाटल्या यांत्रिक मार्गानेच जाव्यात. तयार साखळी तोडून पुन्हा बांधणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.