रोजच्या सारांशात ‘नवे’ कसे ओळखायचे: वेळ की खूण?

रक्तदान शिबिराच्या नोंदणीचा गूगल फॉर्म आहे, नोंदी शीटमध्ये जमतात, समन्वयक ताईंना रोज सकाळी नव्या नोंदींचा मेल जायला हवा. स्क्रिप्ट लिहिणारी मैत्रीण अडली होती: गेल्या 24 तासांतल्या ओळी घ्यायच्या, की पाठवलेल्या ओळीवर खूण करायची?

वेळेचा मार्ग झटपट होतो, शीटमध्ये जादा स्तंभही लागत नाही. पण स्क्रिप्ट आपोआप चालवणारा सकाळी 8 ते 9चा ट्रिगर रोज ठरावीक मिनिटाला चालेलच असं नाही. मंगळवारी 8:14ला चालला, बुधवारी 8:17ला. मंगळवारी 8:15ला आलेली नोंद कोणत्याच मेलमध्ये येत नाही, आणि कुणाला कळतही नाही. एखाद्या दिवशी स्क्रिप्ट अडखळली, तर अख्खा दिवस जातो.

खुणेसाठी फॉर्मच्या सहा स्तंभांपुढे G मध्ये ‘पाठवले’ हा स्तंभ ठेवायचा आणि ज्यांच्यापुढे तो रिकामा आहे तेवढ्याच ओळी उचलायच्या:

```
const fresh = rows.filter(r => r[0] && r[6] === '');
```

खूण मेल गेल्यानंतरच करायची. आधी केली आणि मेल अडकला, तर त्या नोंदी हरवल्या. शीट तारखेने लावली तरी खूण ओळीसोबतच फिरते. शेवटच्या ओळीचा क्रमांक लक्षात ठेवणारी स्क्रिप्ट मात्र इथेच फसते. उणीव एकच: कुणी उत्तर नंतर बदललं, तर जुनी खूण तशीच राहते आणि बदल कळत नाही.

नुसता आकडा हवा असेल तर वेळेचा मार्ग चालेल. प्रत्येकाला फोन करायचा असेल, तर खूणच ठेवा.