अरबी वाक्यातलं सूत्र सरळ ठेवणं: U+2066 आणि U+2069 आठ महिने वापरल्यानंतर

आधी नेमकं काय वापरलं ते सांगते. गणित आणि विज्ञानाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांची पानं फोटोवरून वाचून अरबीत आणायची, आणि सूत्रं मात्र मूळ पुस्तकासारखीच डावीकडून उजवीकडे ठेवायची, असं हे काम. त्यासाठी प्रत्येक सूत्राच्या आधी `LRI` म्हणजे U+2066 आणि शेवटी `PDI` म्हणजे U+2069 ही दोन अदृश्य चिन्हं घालायची; पहिलं डावीकडून उजवीकडे जाणारी स्वतंत्र पट्टी उघडतं, दुसरं ती बंद करतं. ही चिन्हं २०१३च्या युनिकोड ६.३मध्ये आली. `LRM` म्हणजे U+200E हे नुसती डावी-उजवी दिशा सांगणारं अदृश्य चिन्ह त्यांच्याहून जुनं, आणि बहुतेक जण अजून त्यावरच भागवतात. आठ महिन्यांनंतर माझं मत `LRI`च्या बाजूने पक्कं झालंय. पण त्यालाही एक भोक आहे, ते पुढे येईलच.

एक गोष्ट काम घेतानाच विचारून घ्यावी लागते. सगळ्या अरबी पुस्तकांत सूत्रं डावीकडून उजवीकडे नसतात. मोरोक्कोच्या शैलीत लॅटिन अक्षरं आणि डावी-उजवी दिशा असते. पूर्वेकडच्या अरब देशांतल्या बऱ्याच शालेय पुस्तकांत अरबी अक्षरांची चलं वापरतात आणि समीकरणच उजवीकडून डावीकडे लिहितात. तिथे खालचं काहीही लागू नाही. तिथे सूत्राचंही भाषांतर करावं लागतं.

आता मूळ दुखणं. सगळीच सूत्रं उलटली असती तर ती लगेच पकडता आली असती. पण पानावरची बरीच सूत्रं कुठलीही काळजी न घेता नीट दिसतात, काहीच बिघडतात, आणि बिघडलेलीही शहाण्यासारखी दिसतात. हे वाक्य घ्या: «जर 3 − 2x > 7, तर x < −2». अरबीत शब्द बदलले, सूत्रं तशीच चिकटवली, परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवली. पडद्यावर पहिलं सूत्र असं दिसतं:

```
2x > 7 − 3
```

दुसरं जसंच्या तसं, `x < −2`. म्हणजे वाचणाऱ्या मुलाला दिसतं की 2x हे 4पेक्षा मोठं, म्हणून x हा −2पेक्षा लहान. एकही चिन्ह हरवलेलं नाही, एकही आकडा चुकलेला नाही, फक्त गणित खोटं झालंय.

हे असं का होतं ते समजून घेतलं की निम्मं काम होतं. युनिकोडच्या दुतर्फा लिपीच्या नियमांत अक्षरांना स्वतःची ठाम दिशा असते, आकड्यांना नसते. आकडा आपल्या मागे वळून शेवटचं ठाम अक्षर कोणतं ते बघतो. मागे अरबी अक्षर सापडलं तर तो अरबी आकड्याच्या वर्गात जातो, लॅटिन सापडलं तर लॅटिन मजकुराचा भाग होतो. वरच्या उदाहरणात 3च्या मागे अरबी शब्द आहे, 2च्याही मागे तोच. दोन्ही अरबी वर्गात गेले, त्यांच्यामधली वजाबाकी उजवीकडून डावीकडे वळली, आणि 3 उजव्या टोकाला जाऊन बसला. पुढे x आला. त्याच्यानंतरच्या 7ला मागे लॅटिन अक्षर सापडलं, म्हणून `2x > 7` हा तुकडा शाबूत राहिला. दुसऱ्या सूत्राची सुरुवातच xने होते, त्यामुळे त्याला काही झालं नाही.

म्हणजे नजर ठेवायची ती सूत्राच्या सुरुवातीवर. `2x² − 5 = 3` सुखरूप राहतं, कारण 2ला चिकटून लगेच x येतो. `f(x) = 4` सुखरूप. पण `5 − 3` हे `3 − 5` होतं आणि `−5` हे `5−` दिसतं. कंसाने सुरू होणारं सूत्र सगळ्यात वाईट. `(x + 1)² = 4` अरबी शब्दानंतर आलं की दिसतं `² = 4(x + 1)`. निदान हे बघताक्षणी खटकतं तरी. गंमत अशी की `5 < x` हे `x > 5` दिसतं, कारण उलट्या दिशेत असमानतेचं चिन्हही आरशातल्यासारखं फिरतं, आणि अर्थ तोच राहतो! त्यामुळे एखादं साधं उदाहरण घेऊन «सगळं ठीक चाललंय» असं कुणी ठरवलं तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. रासायनिक बाण → मात्र फिरत नाही. बाणाच्या दोन्ही बाजू अदलाबदल झाल्या की अभिक्रिया खरंच उलटी होते.

मग `LRM` का नको? सूत्राआधी एक `LRM` घातलं की मागे वळणाऱ्या आकड्याला लॅटिन दिशा सापडते, आणि वरची सगळी उदाहरणं बरी होतात. पण शेवटच्या टोकाला काय? `n!` मधलं उद्गारचिन्ह तटस्थ आहे. डावीकडे n, पुढे अरबी शब्द, मग ते परिच्छेदाच्या दिशेने जातं आणि `!n` दिसतं. ही नुसती विद्रूप मांडणी नाही. `!n` हे उपक्रमगुणिताचं वेगळंच चिन्ह आहे: 3! म्हणजे 6, आणि !3 म्हणजे 2. रसायनशास्त्रात `Na⁺` चं `⁺Na` होतं, `Ca²⁺` चं `⁺Ca²`. इथे 2 अक्षराला धरून राहतो आणि धनचिन्ह एकटंच पळतं. अवकलजाची वरची तिरकी रेघ, `f′`, तीही पळते. दोन्ही टोकांना `LRM` लावून हे थांबवता येतं. मात्र «बिंदू A, B, C» असं फक्त स्वल्पविरामाने जोडलेलं आलं की तिन्ही मिळून एकच लॅटिन पट्टी होते आणि A सगळ्यात डावीकडे जातो. अरबी वाचक उजवीकडून वाचतो, त्याला C आधी भेटतो. वाक्यात पुढे «अनुक्रमे» असेल तर सगळी जोडी चुकली. `LRI` आणि `PDI`ने प्रत्येक अक्षर वेगळं बंद केलं की आतली दिशा आत राहते, बाहेरचा क्रम अरबी राहतो. माझ्या लेखी फरक इथेच पडतो.

आता ते भोक. अनुवादकाने सूत्रातले आकडेही अरबी-भारतीय करून ٥, ٣ असे लिहिले तर `LRI` वाचवत नाही. हे आकडे जन्मतःच अरबी वर्गातले. मागे वळून बघायचा प्रश्नच नाही. दोन अशा आकड्यांमधली वजाबाकी `LRI`च्या आतसुद्धा उलटते, पाचातून तीन वजा करायचे ते तिनातून पाच होतात. सूत्र डावीकडून उजवीकडे ठेवायचं तर आकडे 0 ते 9 हेच ठेवावेत. फारसी आकडे दिसायला जवळपास तसेच असले तरी वेगळ्या वर्गात आहेत आणि असं वागत नाहीत; म्हणून दिसण्यावर न जाता संकेतांक तपासावा. वर्डमध्ये आणखी एक फसगत आहे. प्रगत पर्यायांमधलं अंकांचं सेटिंग संदर्भानुसार ठेवलेलं असेल तर साधे आकडेच अरबी आकारात दिसतात. साध्या मजकूर-संपादकात चिकटवून बघितलं की खरं कळतं.

रोजच्या कामाचा क्रम असा बसला. फोटोतून मजकूर काढल्यावर भाषांतराला हात लावण्याआधी सूत्रं तपासायची, कारण घात हरवणं (`x²` चं `x2`) आणि उणे चिन्हाच्या जागी साधी रेघ येणं इथेच घडतं, आणि नंतर ते दिशेच्या गोंधळात मिसळून जातं. मग प्रत्येक सूत्र उचलून त्याच्या जागी `ZQ07` सारखी खूण ठेवायची. खुणेत कंस नकोत, ते स्वतःच फिरतात. भाषांतर झालं की खुणा मोजायच्या. आधी तेवीस होत्या तर नंतरही तेवीसच हव्यात. शेवटी खुणेच्या जागी `LRI`, सूत्र, `PDI`. वाक्याचा पूर्णविराम नेहमी `PDI`च्या बाहेर.

वेबपानासाठी अदृश्य चिन्हांपेक्षा टॅग बरा. दिसतो तरी, आणि संपादन करताना चुकून अर्धा पुसला जात नाही:

```html
<p dir="rtl" lang="ar">إذا كان
<bdi dir="ltr">3 − 2x &gt; 7</bdi>
فإن
<bdi dir="ltr">x &lt; −2</bdi>.</p>
```

`dir="ltr"` लिहायलाच हवं. नुसता `bdi` पहिलं ठाम अक्षर बघून दिशा ठरवतो, आणि सूत्रात अरबी एकक असेल तर फसतो. एककाबद्दल एकदाच ठरवून टाकावं: m/s लॅटिनमध्ये ठेवलं तर आत, अरबीत लिहिलं तर बाहेर. सूत्र ओळीच्या शेवटी तुटलं तर पहिला भाग वरच्या ओळीच्या डाव्या टोकाला आणि उरलेला खालच्या ओळीच्या उजव्या टोकाला जातो. नियमाने ते बरोबर असतं, पण वाचताना अडखळायला होतं. लहान सूत्रांना `white-space: nowrap`, आणि ओळीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा लांब असलं तर सरळ वेगळ्या ओळीवर.

साध्या मजकुराच्या फायलीत कोणतं सूत्र उघडं राहिलं ते डोळ्यांनी शोधू नये. एवढं पुरतं:

```python
import re
t = open("page.txt", encoding="utf-8").read()
t = re.sub("\u2066[^\u2066\u2069]*\u2069", "", t)
print(re.findall("[0-9A-Za-z=<>+\u2212]+", t))
```

बंद सूत्रं गाळून जे उरतं ते छापलं जातं. पान क्रमांक, आकृती क्रमांक असे निरुपद्रवी आकडे येतात, ते सोडून द्यायचे. `PDI` विसरलेलं सूत्रही इथे सापडतं. पडद्यावर त्याची खूण अशी की सूत्रानंतरचे अरबी शब्द सूत्राच्या डावीकडे न जाता उजवीकडे जातात, आणि वाक्याचा पूर्णविराम भलत्याच जागी दिसतो. परिणाम परिच्छेदाच्या शेवटी आपोआप थांबतो, त्यामुळे पुढचा परिच्छेद चांगला दिसला म्हणून हा चांगला असं नाही.

फोटोवरच भाषांतर छापायचं असेल, म्हणजे आकृतीतली लेबलं वगैरे, तर ज्या साधनाने चित्रावर अक्षरं काढायची ते दुतर्फा नियम मानतं का ते आधी बघावं. अरबी शब्दानंतर `LRI`, `5 − 3`, `PDI` एवढं काढून बघायचं. `3 − 5` दिसलं किंवा चौकोनी डबे आले तर ते साधन ही चिन्हं ओळखत नाही. अशा वेळी सूत्राचा तुकडा मूळ फोटोतूनच कापून जागेवर चिकटवणं सगळ्यात भरवशाचं ठरलं. शेवटची तपासणी मी तशीच करते: तयार पानाचा स्क्रीनशॉट आणि मूळ फोटो शेजारी ठेवून फक्त ती सूत्रं बघायची, जी आकड्याने, उणे चिन्हाने किंवा कंसाने सुरू होतात, किंवा अक्षर-आकडा सोडून दुसऱ्या कशाने संपतात.