खाज गेली म्हणून नायटा गेला, असं नाही

कमरेवर नाण्याएवढा चट्टा उठतो. कडा लालसर आणि जराशी उंच, तिच्यावर बारीक कोंडा, मधली कातडी जवळपास साफ. इतका सरळ नायटा ओळखायला कठीण नसतो. पण डॉक्टरकडे जायच्या आधी कोणीतरी हातात एक ट्यूब देतं आणि सांगतं, ‘बुरशी, जंतू, खाज, तिन्हींवर चालतं.’ दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होऊन मलम बंद करतो. आठवडाभरात चट्टा परत येतो, तो आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. असं दोन-तीन महिने चाललं की चट्टा कमरेवरून जांघेत आणि मागे कुल्ल्यांवर उतरलेला असतो, आणि नायट्याची गोल कडा कुठे दिसतच नाही.

यात नेमकं काय घडतं ते समजून घ्या. नायट्याची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते. शरीर तिच्यावर चालून जातं, तेव्हा लाली, सूज आणि खाज येते. मधली बुरशी मागे हटते, कडेची बाहेर सरकत राहते, म्हणून कडं तयार होतं. म्हणजे ती लाल कडा ही शरीर लढत असल्याची खूण. ट्यूबमधलं स्टेरॉइड ही लढाईच दाबून टाकतं. खाज थांबते, कडा विझते, पण बुरशीला आता रोखणारं कोणी नसतं. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं हे खरं, पण ते काही आठवडे लागावं लागतं आणि खाज थांबल्यामुळे माणूस चौथ्या दिवशीच थांबलेला असतो. आम्हाला या प्रकारात सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच: आराम पडतो म्हणून कोणाला संशयच येत नाही.

स्टेरॉइड लावलेला नायटा वेगळाच दिसतो. चट्टा वेडावाकडा पसरलेला, कडा तुटक, कोंडा फार कमी. कधी एका कड्यात दुसरं कडं. केसांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या आल्या, क्वचित पू धरला, तर बुरशी केसाच्या मुळात उतरल्याची शक्यता असते आणि तिथवर मलम पोचत नाही. असं रूप पाहून एक्झिमा किंवा सोरायसिस वाटू शकतं, आणि मग आणखी जोरदार स्टेरॉइड दिलं जातं.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन ही सगळी स्टेरॉइडं. शेजारी क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन लिहिलेलं असलं तरी ती ट्यूब नायट्याला नको. आकड्यावर जाऊ नका. क्लोबेटासोल ०.०५ टक्के म्हणजे नगण्य, असं वाटतं. प्रत्यक्षात ते सर्वांत तीव्र स्टेरॉइडांच्या गटात मोडतं.

ट्यूब बंद केली की पहिल्या काही दिवसांत खाज, लाली आणि जळजळ उसळते. बहुतेक लोक इथेच हार मानून परत तीच ट्यूब उघडतात. ही उसळी शरीराची दबलेली लढाई पुन्हा सुरू झाल्यामुळे येते, हे आधी माहीत असलं तर ते दिवस निघतात. खाजेसाठी डॉक्टर गोळी देऊ शकतात. अंगाच्या मोठ्या भागावर कित्येक महिने लावलं असेल किंवा लहान मुलाला लावलं असेल, तर मलम कसं सोडायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या, रिकाम्या झालेल्याही. ते चट्ट्याची कडा हलकेच खरवडून कोंडा काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. स्टेरॉइडने माजलेल्या नायट्यात हे धागे बरेचदा भरपूर सापडतात. पण अलीकडेच बुरशीचं मलम लावलेलं असेल तर ते न दिसण्याचीही शक्यता असते, त्यामुळे एकदा तपासणीत काही आलं नाही म्हणजे नायटा नाही असं धरू नका.

इतक्या पसरलेल्या नायट्याला बहुधा पोटातून गोळ्या लागतात, टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल. किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. साधं बुरशीचं मलम लावताना चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि कातडी साफ दिसल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी दाखवा, आणि टॉवेल वेगळे ठेवा. जांघेत स्टेरॉइडचं मलम लावून कातडी पातळ झाली असेल, तिथे जांभळट भेगांसारखे पट्टे उठले असतील, तर नायटा पूर्ण बरा झाल्यावरही ते पट्टे राहतात. रंग फिका पडतो, एवढंच.