सातव्या पट्टीवरचं एकटं प्यादं: वजिराविरुद्ध कोणतं तारतं, कोणतं बुडवतं

समोरच्याचं प्यादं आता वजीर होणार हे दिसत असतं. तुमच्याकडे उरलंय एक प्यादं आणि राजा. घड्याळात दीड मिनिट. अशा वेळी प्रश्न एकच असतो, प्यादं कोणत्या उभ्या ओळीत न्यायचं? सातव्या पट्टीवर पोहोचलेलं प्यादं आणि शेजारी आपला राजा, एवढं जमलं तरी अर्धा गुण मिळेलच असं नाही. ओळीवर सगळं ठरतं.

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये माझी भाची रॅपिड स्पर्धा खेळत होती. शेवटच्या फेरीत तिच्या पटावर आलेली स्थिती मी घरी आल्यावर लिहून ठेवली, कारण हा सगळा विषय तेवढ्या एका चालीत मावतो. पांढरा राजा `c7` वर, पांढरं प्यादं `b6` वर. काळा राजा लांब `h3` वर, काळी प्यादी `a7` आणि `c2` वर. चाल पांढऱ्याची. काळ्याचं `c` प्यादं पुढच्या चालीत शह देतच वजीर होणार, ते काही अडवता येत नाही.

तिच्यासमोर दोन पर्याय होते. `b7` खेळून प्यादं सरळ पुढे ढकलायचं, किंवा `a7` वरचं प्यादं मारून कडेच्या ओळीत जायचं. दोन्हीत प्यादं सातव्या पट्टीवर येतं, दोन्हीत राजा जवळच असतो. तिने पुढे ढकललं. “मामा, मारायला गेले असते तर प्यादं पार कोपऱ्यात गेलं असतं,” असं ती नंतर म्हणाली. कोपरा म्हणजे अडगळ, हे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं आणि एरवी ते बरोबरही असतं. इथे मात्र कोपराच वाचवणार होता.

आधी तिची चाल बघू. काळ्याने अचूक खेळलं तर पुढे असं होतं:

```
1. b7    c1=Q+
2. Kb8   Kg4
3. Kxa7  Qa3+
4. Kb6   Qb4+
5. Ka7   Qa5+
6. Kb8   Kf5
```

दुसऱ्या आणि सहाव्या चालीकडे नीट बघा. पांढरा राजा `b8` वर, म्हणजे आपल्याच प्याद्याच्या वाटेत उभा आहे. त्यामुळे वजीर होण्याची धमकी तेवढ्यापुरती थांबते आणि काळ्याला राजा एक घर पुढे आणायला फुरसत मिळते. मग पांढरा राजा बाजूला होतो, वजीर शहामागून शह देत पुन्हा जवळ येतो आणि राजाला परत प्याद्यासमोर उभं करतो. समजा पुढे `7. Kc8` झालं. काळा `Qc5+` देतो. राजा `d7` वर गेला तर `Qb6`, तो `c8` वर परतला की `Qc6+`, आणि आता `b8` वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, कारण `d8` वर गेला तर प्यादं फुकट जातं. की काळा राजा आणखी एक घर पुढे. `h3` पासून `c6` पर्यंत पाचच घरं आहेत. भाचीच्या समोरचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल, पण हा जिना त्याला पाठ होता.

`d` आणि `e` ओळीतल्या प्याद्यांचं, तसंच `g` चंही हेच होतं. राजा प्याद्यासमोर आला तरी त्याला पुढच्या चालीला सरकायला जागा उरते, म्हणून खेळ चालू राहतो आणि वजिराला हवा तेवढा वेळ मिळतो. वरच्या स्थितीत `b8` वरच्या राजासाठी `c8` मोकळं होतं. त्या मोकळ्या घरानेच घात केला.

आता दुसरा पर्याय, हत्तीच्या ओळीतलं प्यादं:

```
1. bxa7  c1=Q+
2. Kb8   Qf4+
3. Kb7   Qb4+
4. Ka8
```

इथे थांबा आणि पट मांडून बघा. राजा `a8` वर, त्याच्यासमोर त्याचंच प्यादं `a7` वर. वजीर `b4` वरून `b7` आणि `b8` दोन्ही घरं धरून बसलाय. पांढऱ्याला हलायला एकही घर नाही आणि शहही नाही. काळ्याने आता `Kg4` खेळून राजा जवळ आणायचा प्रयत्न केला, तर डाव त्याच क्षणी स्टेलमेट, अर्धा-अर्धा गुण. म्हणून वजिराला `b` ओळ सोडावी लागते किंवा शह देत राहावं लागतं. ओळ सोडली की राजा `b7` किंवा `b8` वर येतो आणि प्यादं वजीर व्हायला तयार. मधल्या ओळीत काळ्याला मिळत होती ती फुरसत इथे मिळतच नाही. पहिल्या पर्यायात राजा प्याद्यासमोर आला म्हणून हरला, दुसऱ्यात राजा प्याद्यासमोरच, पण कोपऱ्यात कोंडला गेला म्हणून वाचला.

पण याला एक मर्यादा आहे आणि ती विसरलात तर हा अर्धा गुणही जातो. काळा राजा जवळ असेल तर त्याला फुरसतीची गरजच पडत नाही. समजा पांढरा राजा `b8`, प्यादं `a7`, काळा वजीर `e7` आणि काळा राजा `e5` वर आहे. चाल काळ्याची. तो शह वगैरे काही देत नाही, शांतपणे `Kd6` खेळतो. पांढरा `a8` वर वजीर करतो आणि `Qc7` ने मात होते! नवा वजीर कोपऱ्यात आयता उभा असतो, पण `c7` पर्यंत त्याची पोच नसते. राजा `c8` वर पळाला तरी तीच मात. वजिराऐवजी घोडा केला तर `Kc6`, आणि पुढे तो घोडा राजाला वाचवू शकत नाही. म्हणजे `a` प्याद्याकडे वळण्याआधी शत्रूचा राजा कुठे आहे हे पाहायलाच हवं. एका चालीत तो `d6` किंवा `b6` गाठू शकत असेल आणि त्याचा वजीर `c7` वर येण्याच्या बेतात असेल, तर कोपरा वाचवत नाही. भाचीच्या डावात तो `h3` वर होता, `d6` पासूनही चार घरं लांब. तिथे डोळे मिटून `bxa7` खेळता आलं असतं.

आता उंटाच्या ओळीतलं, म्हणजे `c` किंवा `f` ओळीतलं प्यादं. हेही बरोबरी करतं, पण वेगळ्या मार्गाने, आणि माझ्या मते या सगळ्यात हेच जास्त देखणं आहे. पांढरा राजा `b8`, प्यादं `c7`, काळ्याने `b6` वरून वजिराने शह दिलाय. राजाला दोनच घरं आहेत, `c8` आणि `a8`. हात आपोआप `c8` कडे जातो, कारण तिथून प्यादं राखलेलं राहतं. पण तिथे गेलात की राजा पुन्हा प्याद्याच्या वाटेत, आणि काळ्याला एक फुकट चाल. बरोबर चाल `Ka8` आहे, प्यादं उघडं टाकून. वजिराने `c7` वरचं प्यादं मारलं तर `a7`, `b7`, `b8` तिन्ही घरं त्याच्या माऱ्यात येतात आणि पांढऱ्याला चालच उरत नाही. स्टेलमेट. मारलं नाही तर पुढच्या चालीला प्यादं वजीर होणार. `Qa6+` दिला तर राजा `b8`, `Qb6+` दिला तर पुन्हा `a8`. दिवसभर चालू द्या.

फक्त इथे राजा कोपऱ्याच्या बाजूला हवा. तोच राजा पलीकडे `d8` वर असेल तर गणित बिघडतं. काळा `Qd6+` देतो, `e8` वर गेलात तर प्यादं गेलं, म्हणून `c8` वर यावं लागतं आणि काळ्याला एक चाल फुकट मिळते. काळा राजा दूर असेल तर त्यानंतरही `b7` मार्गे कोपरा गाठता येतो, पण जवळपास असेल तर ती एक चाल पुरेशी असते. म्हणून `a` आणि `c` यांत निवड करायची वेळ आली, तर आधी आपला राजा कोणत्या बाजूला आहे ते बघा. तो `a`-`b` बाजूला असेल तर दोन्ही चालतात. `d` बाजूला असेल आणि कोपऱ्याकडे वळायला वेळ नसेल, तर `c` प्याद्यावर भिस्त ठेवू नका. उजव्या अंगाला `f` आणि `h` साठी हेच आरशात बघितल्यासारखं लागू होतं.

एक गोष्ट मी स्वतः हरून शिकलो. पंचवटीत एका मित्राच्या घरी रविवारी आमचे डाव रंगायचे. तिथे माझं `a7` वर प्यादं होतं, राजा कोपऱ्यात, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं. शिवाय माझ्याकडे `f2` वर आणखी एक प्यादं होतं. जास्तीचं प्यादं म्हणजे चांगलंच, असं मला वाटलं. मित्राने वजीर `b` ओळीत ठेवला आणि राजा निवांत पुढे आणायला सुरुवात केली. स्टेलमेट होईना, कारण मला `f` प्यादं चालवावंच लागत होतं. ते `f3`, `f4` करत गेलं आणि तेवढ्यात त्याचा राजा येऊन पोहोचला. त्या एका हलणाऱ्या प्याद्याने माझा अर्धा गुण खाल्ला. तेव्हा कोपऱ्यातल्या किंवा उंटाच्या प्याद्यावर बरोबरी करायचा बेत असेल, तर बाकीचं हलू शकणारं प्यादं आधीच देऊन टाका किंवा अडवून ठेवा. समोर शत्रूचं प्यादं आहे आणि दोन्ही अडलेली आहेत, मारायलाही काही नाही, असं असेल तर ते त्रास देत नाही. मधल्या ओळीतल्या प्याद्यासाठी हा विचार करायची गरज नाही, कारण तिथे स्टेलमेटचा आधार मुळातच नसतो.

भाचीला मी त्या संध्याकाळी `1. bxa7` चा डाव मांडून दिला आणि काळे मोहरे माझ्याकडे घेतले. तिने तीनदा `Ka8` गाठलं. चौथ्यांदा मी माझा राजा `h3` ऐवजी `e5` वर ठेवला आणि तिला सांगितलं, “आता खेळायच्या आधी बोल, काय निवडशील?” ती बराच वेळ `c7` कडे बघत बसली.