'रद्द करा' की 'राहू द्या'?

ॲपवर बसचं तिकीट रद्द करताना पडद्यावर येणारी चौकट घ्या. तिच्या मजकुराचे दोन मसुदे आहेत. पहिल्या मसुद्यात प्रश्न आहे, 'आपण खात्रीने रद्द करू इच्छिता?' खाली दोन बटणं: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. दुसरं बटण इंग्रजी Cancel चं शब्दशः भाषांतर आहे, ते फक्त चौकट बंद करतं. तिकीट रद्द करायला आलेला माणूस नेमकं तेच दाबतो, आणि तिकीट तसंच राहतं.

दुसरा मसुदा विचारतो, 'तिकीट रद्द करायचं?' बटणं: 'तिकीट रद्द करा' आणि 'राहू द्या'. प्रश्न न वाचता नुसती बटणं वाचली तरी काय होणार ते कळतं. मला हाच पटतो. 'राहू द्या' आपण दुकानातही असंच म्हणतो. मात्र नुसता फॉर्म बंद करताना ते चालणार नाही, तिथे 'मागे जा' बरं.

चूक दाखवणाऱ्या संदेशातही तेच. 'अवैध मोबाइल क्रमांक' वाचून बेकायदा काही केल्यासारखं वाटतं, कारण मराठीत अवैध असतो तो वाळूउपसा. त्यापेक्षा 'नंबरात ९ च आकडे आहेत, १० हवेत' म्हटलं की माणूस लगेच राहिलेला आकडा शोधतो.