कॉस्ट बेसलाइन कोणती ठेवायची? एकाच शेडचे चार आलेख

सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा नवा कारखाना उभा राहतोय असं धरा. प्लॉट हातात आहे, बँकेचं कर्ज मंजूर आहे आणि नोव्हेंबर ते जून अशा आठ महिन्यांत शेड बांधून रॅपिअर माग चालू करायचे आहेत. एकूण अंदाज २४० लाख. बँक आणि भागीदार दोघेही विचारतात, "कोणत्या महिन्याअखेर किती खर्च झालेला असेल?" या प्रश्नाचं लेखी उत्तर म्हणजे कॉस्ट बेसलाइन. तिचे महिन्यागणिक साठत जाणारे आकडे आलेखावर मांडले की एस-कर्व्ह मिळतो.

अडचण अशी की याच २४० लाखांची बेसलाइन किमान चार प्रकारे मांडता येते आणि चारही कागदावर बरोबर दिसतात. आधी कामं बघू. पाया आणि जोतं २४ लाख, नोव्हेंबर-डिसेंबर. लोखंडी शेड ६० लाख, म्हणजे जानेवारीत १५, फेब्रुवारीत ३० आणि मार्चमध्ये १५. फरशी आणि मागांचे पाये १८ लाख, एप्रिल. वीजकाम २४ लाख, एप्रिल-मे निम्मं निम्मं. माग ९० लाख, त्यातले ८० मेमध्ये माल पोचल्यावर धरायचे आणि १० जूनमधल्या जोडणी-चाचणीचे. उरलेली बाहेरची कामं २४ लाखांची: १२ लाखांची कंपाउंड वॉल, १२ लाखांचा आतला रस्ता आणि कामगारांची खोली. ज्या कामात जोखीम आहे त्याची राखीव रक्कम त्याच कामाच्या आकड्यात धरली आहे. काळ्या मातीत खोदाई नक्की किती खोल जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून पायाच्या आकड्यात ती जास्त आहे. मालकाने "अगदीच काही घडलं तर" म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मात्र बेसलाइनमध्ये घ्यायचे नाहीत. ते कोणत्याही कामाला बांधलेले नसतात, त्यामुळे कोणत्या महिन्यात टाकायचे हे ठरवायला आधारच नसतो.

आता चार पर्याय, महिनाअखेरचे साठलेले आकडे लाखांत:

| महिना | सरळ भागाकार | लवकरात लवकर | शक्य तितकं उशिरा | ठरवलेल्या तारखांनी |
|---|---|---|---|---|
| नोव्हेंबर | ३० | २४ | १२ | १८ |
| डिसेंबर | ६० | ४८ | २४ | ३६ |
| जानेवारी | ९० | ६३ | ३९ | ५१ |
| फेब्रुवारी | १२० | ९३ | ६९ | ८१ |
| मार्च | १५० | १०८ | ८४ | ९६ |
| एप्रिल | १८० | १३८ | ९६ | १३८ |
| मे | २१० | २३० | १३८ | २३० |
| जून | २४० | २४० | २४० | २४० |

एक्सेलमध्ये महिन्याचे आकडे `B2` पासून खाली लिहिले असतील तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढायचं, की साठलेली बेरीज तयार:

```
=SUM(B$2:B2)
```

सरळ भागाकार लगेच बाद करतो. २४० ला ८ ने भागून दरमहा ३० लाख लिहायला पाच मिनिटं लागतात, पण त्या आकड्यांमागे एकही काम नाही. फेब्रुवारीअखेर सगळं काम अगदी वेळेवर झालं तरी ही रेषा तुम्हाला २७ ते ५१ लाख मागे दाखवणार.

"लवकरात लवकर" आणि "शक्य तितकं उशिरा" यांतला फरक कुठून येतो ते बघण्यासारखं आहे. पाया, शेड, वीज, मागांची जोडणी ही साखळी घट्ट आहे. तिच्यात एक आठवडा गेला की कारखाना एक आठवडा उशिरा सुरू होतो. बाहेरच्या कामांना मात्र मोकळीक आहे, ती नोव्हेंबरातही होतात आणि मे-जूनमध्येही. फरशीला आणि माग येण्याला थोडीफार ढील आहे. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की मधे केळ्यासारखा फुगवटा दिसतो, म्हणून नियोजनवाले त्याला बनाना कर्व्ह म्हणतात. तुमची खरी योजना त्या फुगवट्याच्या आत कुठेतरी असते.

उशिराच्या रेषेचं आकर्षण व्याज आहे. बाहेरच्या कामांचे २४ लाख सहा महिने पुढे ढकलले आणि व्याज वर्षाला १० टक्के धरलं, तर साधारण १ लाख २० हजार वाचतात. रक्कम अगदीच सोडून देण्यासारखी नाही. पण मग जूनमध्ये एका महिन्यात १०२ लाखांचं काम उरतं, पावसाला तोंड फुटलेलं असतं, खणलेल्या रस्त्याचा चिखल होतो आणि मागांचे ट्रक त्यातूनच आत न्यावे लागतात. शिवाय जानेवारीपासून आवारात पडलेलं लोखंड भिंतीविना उघड्यावर राहतं. लवकरच्या रेषेत उलटी गंमत. रस्ता नोव्हेंबर-डिसेंबरात झाला, की शेडच्या उभारणीची क्रेन आणि ट्रेलर त्याच रस्त्यावर नाचणार.

म्हणून चौथा रकाना. भिंत सुरुवातीलाच. रस्ता आणि खोली एप्रिलमध्ये, क्रेन गेल्यानंतर आणि पावसाआधी. एप्रिलच्या उन्हात काँक्रीटच्या क्युरिंगला टँकर लागतील, त्यांचा खर्च त्याच आकड्यात धरायचा. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. ही रेषा म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेलं कोणतंही टोक नाही, हिच्यातल्या प्रत्येक तारखेमागे कारण आहे. बेसलाइन म्हणून माझं मत हिलाच.

फक्त तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते नीट समजून घ्या. फेब्रुवारीअखेर झालेल्या कामाची मूळ अंदाजानुसार किंमत काढली आणि ती ८१ लाख आली असं धरू. लवकरच्या रेषेवर तुम्ही १२ लाख मागे, उशिराच्या रेषेवर १२ लाख पुढे आणि चौथ्या रेषेवर अगदी बरोबर. पण हे ८१ लाख दोन प्रकारे जमू शकतात. पहिल्या प्रकारात पाया २४, शेड ४५, भिंत १२: सगळं ठरल्याप्रमाणे. दुसऱ्यात पाया २४, शेड फक्त ३३, आणि बाहेरची कामं पूर्ण २४, कारण लोखंड यायला उशीर झाला आणि ठेकेदाराने रिकामी बसलेली माणसं रस्त्याला लावली. बेरीज तीच, फरक शून्य, पण शेड १२ लाखांनी मागे. फेब्रुवारीचा वेग ३० लाखांचा होता, म्हणजे घट्ट साखळीत साधारण बारा दिवस गेले. उशिराच्या रेषेवर तर याच अवस्थेला तुम्ही "१२ लाख पुढे" म्हणून शाबासकी मिळवाल.

उपाय साधा आहे. एकूण रेषेच्या खाली फक्त घट्ट साखळीतल्या कामांची दुसरी रेषा काढायची. आपल्या उदाहरणात फेब्रुवारीअखेर ती ६९ वर हवी. दुसऱ्या प्रकारात ती ५७ वर सापडते आणि लपलेली गोष्ट उघडी पडते. तसंच, बँक पासबुकातला खर्च या रेषेवर आणून ठेवू नका. ८१ च्या जागी ७० लाखच गेले याचा अर्थ ११ वाचले असाही होतो आणि ११ लाखांचं काम झालंच नाही किंवा बिल आलंच नाही असाही होतो. आधी झालेल्या कामाची किंमत, मग तिच्याशी खर्चाची तुलना.

चौथा रकाना आलेखावर काढलात तर तो इंग्रजी एससारखा दिसणार नाही. मार्चपर्यंत हळू चढ, एप्रिलमध्ये थोडा जास्त आणि मेमध्ये ९२ लाखांचा कडा. ते बरोबर आहे. पुस्तकातला गुळगुळीत एस शेकडो लहान कामांच्या बेरजेतून येतो. इथे एकाच खरेदीत एक तृतीयांश पैसा आहे. यंत्रांच्या प्रकल्पाचा कोणी सुबक एस आणून दाखवला तर मागांचे पैसे कोणत्या महिन्यात धरलेत एवढंच विचारा.

आणि याच प्रश्नावर बँकेचा कागद वेगळा होतो. आपण मागांचे ८० लाख मेमध्ये, माल पोचल्यावर धरले. पुरवठादार मात्र ऑर्डरसोबत आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी मागतो. समजा जानेवारीत २० टक्के म्हणजे १६ लाख आणि एप्रिलअखेर ६४ लाख. बाकीची बिलं त्या-त्या महिन्यात चुकती केली असं धरलं तर एप्रिलअखेर कामाची रेषा १३८ वर असेल आणि खात्यातून २१८ लाख गेलेले असतील. कर्जाचे हप्ते कामाच्या रेषेवरून मागितलेत तर एप्रिलमध्ये ८० लाखांचा खड्डा पडेल. उलट रोखीच्या रेषेवरून प्रगती मोजलीत तर एकही माग आवारात नसताना ९० टक्के प्रकल्प झाल्यासारखा दिसेल. त्यामुळे बँकेला रोखीची रेषा द्या, साइटवर कामाची लावा, आणि दोन्हींच्या डोक्यावर कोणती कशाची ते लिहा. जीएसटीचंही तसंच. यंत्रांवरचा कर पुढे वळता होतो, म्हणून तो फक्त रोखीच्या रेषेत. शेडच्या बांधकामावरचा साधारणपणे वळता होत नाही, म्हणून तो खर्चच, दोन्हीकडे. हे वाटप बेसलाइन गोठवण्याआधी तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

गोठवल्यावर ती दरमहा हलवायची नाही. शेडची लांबी वाढवली, मागांची संख्या बदलली, तर जुनी जपून ठेवून नवी काढा. पुरवठादाराने "माग जूनच्या पहिल्या आठवड्यात" असं कळवलं, तर मात्र बेसलाइन आहे तशीच राहू द्या. मेअखेर तुम्ही १५० वर असाल, रेषा २३० दाखवेल आणि बैठकीत कोणीतरी ८० लाख मागे पडलो म्हणून आरडाओरडा करेल. त्याला घट्ट साखळी दाखवा: जोडणी जूनमध्येच होती. माग २ जूनला उतरले तर फारसं बिघडत नाही, १२ जूनला उतरले तर बिघडतं. हे दहा दिवस या आलेखावर कुठेच दिसणार नाहीत, ते वेळापत्रकातच बघावे लागतात.